एक मीटिंग, नऊ याद्या

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत मी जॉइंट सेक्रेटरी आहे, म्हणजे सेक्रेटरी काकांना जे टाइप करायचा कंटाळा येतो ते सगळं माझ्याकडे. कमिटीत नऊ जण. दर महिन्याला मीटिंग होते, अर्धे ऑफिसात बसतात, अर्धे घरून ऑनलाइन, आणि मग काका चार पानी सारांश ग्रुपवर टाकतात, त्यावर आठ अंगठे येतात आणि कोणीही तो वाचत नाही. मीही वाचायचे नाही, खोटं कशाला बोलू.

हे किती महागात पडू शकतं ते जानेवारीत कळलं. फायरची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, दर वर्षी जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून घेऊन फायर ब्रिगेडला द्यावा लागतो. बी विंगचे दादा ते बघतात, त्यांनी एजन्सीला गुरुवारी बोलावलं. आणि त्याच गुरुवारी पाण्याचं बघणाऱ्या काकांनी जमिनीखालची टाकी साफ करायला माणसं लावली. आमच्याकडे फायरचा कप्पा आणि वापराचा कप्पा शेजारी शेजारी आहेत, त्या माणसांनी दोन्ही उपसले. एजन्सीवाला आला, पंप चालवून दाखवा म्हणाला, तर टाकीत पाणीच नाही. व्हिजिटचे पैसे घेऊन गेला निघून. गंमत म्हणजे दोन्ही तारखा सारांशात होत्या, एक चार नंबरच्या मुद्द्यात, एक अकरा नंबरच्या. ज्याने त्याने आपापला मुद्दा वाचला, किंवा तोही नाही.

तेव्हा मी म्हटलं, आता मी प्रत्येकाला फक्त त्याची यादी पाठवणार, बाकी काही वाचायला लावणार नाही. मीटिंगच्या ॲपमधून सगळ्या बोलण्याचा लेखी ट्रान्सक्रिप्ट मिळतोच, त्यातून काढायचं, त्यात काय एवढं. त्यात बरंच काही असतं हे नंतर कळलं. पहिल्या काही महिन्यांत नुसतेच धडपडले, पण 5 जुलैच्या मीटिंगचं काम बऱ्यापैकी नीट जमलं म्हणून तेच सांगते.

मीटिंग एक तास शेहेचाळीस मिनिटं. नऊपैकी आठ हजर, सीसीटीव्हीवाले गावी. आठातले पाच आपापल्या घरून, त्यामुळे ट्रान्सक्रिप्टमध्ये त्यांची नावं बरोबर येतात. पण चेअरमन साहेब, सेक्रेटरी काका आणि खजिनदार ताई ऑफिसात एकाच लॅपटॉपसमोर, म्हणजे तिघांच्याही तोंडचं सगळं `Society Office` या एकाच नावाखाली. आणि नेमके हेच तिघं सगळ्यात जास्त बोलतात आणि सगळ्यात जास्त कामं अंगावर घेतात. आधी हे सोडवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

इथे आपली भाषा कामी आली. ताई ‘करते, बघते, देते’ म्हणणार, त्यामुळे त्यांची वाक्यं पटकन वेगळी झाली. राहिले दोन पुरुष, दोघंही ‘करतो’वाले. पण काका मला कायम ‘अगं’ म्हणतात आणि चेअरमनना ‘साहेब’, म्हणजे ज्या वाक्यात साहेब आहे ते साहेबांचं नाही एवढं नक्की. एवढ्यावर बरंचसं सुटलं, उरलेल्यासाठी रेकॉर्डिंगचं तेवढंच मिनिट लावून ऐकलं. ट्रान्सक्रिप्टमध्ये क्रियापदाच्या शेवटी येणाऱ्या ‘-तो’ आणि ‘-ते’वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, घाईत बोललेलं ‘-तो’ कधी कधी ‘-ते’ होतं, आणि दुसरं म्हणजे ‘उद्या फोन करतो’ हे वाक्य बोलणाऱ्याचंच असेल असंही नाही. एका ठिकाणी काकांच्या नावावर मी लिफ्ट कंपनीला फोन करायचं काम टाकलं होतं, नीट बघितलं तर पुढच्या ओळीत ‘म्हणालाय’ होतं. म्हणजे फोन लिफ्टवाला करणार होता, काका फक्त निरोप सांगत होते. ॲप ओळ कुठेही तोडतं, त्यामुळे एक ओळ वाचून कधीच काम लिहायचं नाही, वरच्या दोन खालच्या दोन वाचायच्याच.

मग पहिला हात. यात मी काहीही लिहीत नाही, नुसत्या खुणा करते, काम असेल तर क, ठरलेली गोष्ट असेल तर ठ, आणि विचारलंय पण उत्तर आलं नाही तर प्रश्नचिन्ह. सुरुवातीला मी हुशारी करून करतो, करते, पाठवतो, बघतो असे शब्द सर्च करून कामं काढायचे, भराभर व्हायचं, पण निम्मी कामं त्यात सापडतच नाहीत. कारण आपण कामं अशी बोलतच नाही. “टँकरची बिलं आली का?” “नाही अजून.” “ऑडिटरला लागतील हो ती.” “हं.” झालं, यात करतो-बिरतो काही नाही, पण काम ठरलं. सर्चमध्ये ‘हं’ शोधून बघा, दीडशे सापडतील आणि त्यातले बहुतेक नुसते ऐकतोय या अर्थाचे. हा ‘हं’ मान्य केल्याचा होता हे फक्त कशाला म्हटलाय ते बघूनच कळतं. त्यामुळे सगळा ट्रान्सक्रिप्ट एकदा सलग वाचायला पर्याय नाही. कोणीतरी एकाने पूर्ण वाचायचं म्हणजे बाकीच्या आठांना वाचावं लागत नाही, असा हिशोब आहे हा.

‘बघतो’ हा आणखी एक त्रासदायक प्राणी. मराठीत बघतो म्हणजे करतो पण असतं आणि नाही पण असतं. माझा नियम असा की बघतोच्या मागेपुढे तारीख, माणूस किंवा रक्कम असेल तर ते काम, नुसतंच ‘हां बघतो मी’ असेल तर प्रश्नचिन्ह. पार्किंगवाल्या काकू सहा वेळा बघते म्हणाल्या होत्या, त्यातलं एकच काम निघालं.

खुणा केल्या तर 64 ठिकाणं झाली. त्यातलं बरंचसं तेच ते, एकच गोष्ट माणसं तीन वेळा बोलतात. ती एकत्र करून शीटमध्ये भरली, एका ओळीत एक काम. रकाने सहा: कितव्या मिनिटाला, कोण, काय, कधीपर्यंत, कोणासाठी अडलंय, आणि मूळ वाक्य जसंच्या तसं. शेवटचा रकाना मी आधी ठेवत नव्हते, जागा खातो म्हणून. आता तो पहिला भरते. कोणी “मी असं कधी म्हटलं” म्हणालं की मिनिट आणि वाक्य दोन्ही समोर ठेवता येतं, आणि मुख्य म्हणजे मला स्वतःलाच कळतं की मी काय लिहिलंय आणि माणूस काय बोलला होता.

तरी चूक झालीच. ट्रान्सक्रिप्टमध्ये ताईंच्या तोंडी होतं, ‘परवा चेक देते राहू दे’. टाकी साफ करणाऱ्याच्या ॲडव्हान्सचं चाललं होतं. मी लिहिलं, खजिनदार, टाकीवाल्याला चेक, 7 जुलै. यादी गेल्यावर पाच मिनिटांत ताईंचा फोन, “अगं, चेक मी शुक्रवारीच दिलाय, आणि तू परत द्यायला लावतेस?” ऐकून बघितलं तर त्या म्हणाल्या होत्या, परवा चेक दिलाय, ते राहू दे. ‘दिलाय ते’चं ‘देते’ झालं होतं. आणि आपलं परवा तर दोन्हीकडे जातं, मागेही आणि पुढेही, क्रियापद चुकलं की सगळा काळच उलटा. पैसे दोनदा गेले असते. तेव्हापासून परवा, आणि पैशाचा कुठलाही आकडा, हे दोन मी ऐकल्याशिवाय लिहीत नाही. दीड, अडीच, साडेतीन यांचाही ॲप छान गोंधळ घालतं. आणि फॉर्म बी सगळीकडे ‘फॉर्म भी’ आला होता, ते एक असो.

तारखा लिहिताना ‘पुढच्या शनिवारपर्यंत’ असं कधी ठेवू नका, मीटिंगच्या दिवसापासून मोजून आकडाच लिहा. वाचणारा यादी रविवारी उघडेल की बुधवारी ते आपल्याला माहीत नसतं.

आता कोण हा रकाना. इथे ‘आपण’ने मला जेवढं छळलं तेवढं कोणी नाही. ‘आपण लिफ्टच्या एएमसीचं पत्र पाठवूया’ असं चेअरमन म्हणाले. हा आपण कोण? सगळे? की साहेब स्वतः? की ते काकांना अदबीने सांगतायत? ‘आम्ही पाठवतो’ म्हणाले असते तर निदान ऑफिसातले तिघं तरी कळले असते. मी पहिल्यांदा ते लिफ्ट बघणाऱ्या पोराच्या नावावर टाकलं कारण विषय लिफ्टचा. तो बिचारा म्हणाला, सोसायटीच्या लेटरहेडवर मी कसं पाठवू, सही काकांची लागते. बरोबरच होतं त्याचं. मग ठरवलं की आपण आणि -ऊयाचं वाक्य आलं की विषय बघायचा नाही, त्यानंतर कोण हो म्हणालं ते बघायचं. आणि कोणीच म्हणालं नसेल तर नाव टाकायचंच नाही. अंदाजाने नाव टाकायचा मोह फार होतो हो, रकाना रिकामा दिसला की कसंतरी वाटतं. पण ज्याला न विचारता काम चिकटवलं तो पुढच्या वेळी यादीच उघडत नाही, हे मी एप्रिलमध्ये बघितलंय.

अशी नाव नसलेली कामं चार निघाली. त्यांना मी बेवारस म्हणते आणि ती फक्त काकांच्या यादीत खाली जातात, ‘ही कोणाला द्यायची ते सांगा’ म्हणून.

सगळं भरून झाल्यावर मोजलं तर 23 कामं, 19 नावावर, 4 बेवारस. आणि माझ्या नावावर शून्य. मला आधी बरं वाटलं, मग संशय आला. पूर्ण मीटिंगभर मी तर बडबडत होते. परत वाचलं तेव्हा कळलं की मी स्वतःच सगळं ‘टाकूया, विचारूया, करून घेऊया’मध्ये बोलते, आणि दोन ठिकाणी माझ्या ‘करूया’नंतर काका ‘कर मग’ म्हणालेत आणि मी ‘ओके’. दोन कामं माझी. एकूण 25. ज्याच्या नावावर शून्य येतं त्याचा भाग आता मी परत एकदा वाचतेच, खरंच शून्य क्वचित असतं.

गावी असलेल्या सीसीटीव्हीवाल्यांचं वेगळंच. मीटिंगमध्ये ठरलं, गेटचा कॅमेरा त्यांना बघायला सांगा. ही दोन कामं आहेत, एक सांगण्याचं, ते काकांचं, आणि एक बघण्याचं, त्यांचं. नुसतं दुसरं लिहिलं तर त्या माणसाला आकाशातून पडल्यासारखी यादी येते आणि तो चिडतो, नुसतं पहिलं लिहिलं तर सांगून झाल्यावर पुढे कोणी विचारत नाही. म्हणून त्यांना यादी पाठवली, पण काकांचा फोन होऊन गेल्यावर.

आता खरी गोष्ट. नावाप्रमाणे फिल्टर लावून याद्या पाठवल्या तर जानेवारीचा प्रकार टळत नाही, उलट वाढतो. पूर्वी निदान दोन्ही तारखा एका कागदावर होत्या, कोणी चुकून वाचलं असतं. आता पाण्याच्या काकांना फायरची तारीख दिसण्याचा प्रश्नच नाही. म्हणून पाचवा रकाना, कोणासाठी अडलंय. यादीत स्वतःची कामं तर हवीतच, पण आपलं काम ज्याच्यावर अवलंबून आहे आणि ज्याचं आपल्यावर, त्या ओळीही हव्यात. त्यासाठी ज्याची यादी काढायची त्याचं नाव `H1` मध्ये टाकून हे वापरते:

```
=FILTER(A2:F60,(B2:B60=H1)+ISNUMBER(SEARCH(H1,E2:E60)))
```

म्हणजे माणूस कोण मध्ये असो वा कोणासाठी मध्ये, ओळ येते. मधली बेरीज म्हणजे ‘हे किंवा ते’. आधी मी दोन्हीकडे बरोबरचं चिन्हच वापरत होते, मग पाचव्या रकान्यात दोन नावं लिहिली की ती ओळ त्या दोघांनाही दिसायची नाही, कारण पूर्ण रकाना जुळत नाही. आता वेगळीच मजा आहे, सेक्रेटरी शोधलं की जॉइंट सेक्रेटरीसुद्धा सापडते, माझ्यासाठी अडलेली कामं काकांकडे जायला लागली. शीटमध्ये मी स्वतःचं नाव ‘जेएस’ करून टाकलं.

पाचवा रकाना आपोआप भरत नाही, तिथे डोकंच लावावं लागतं. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा, हे झालं नाही किंवा या दिवशी झालं तर कोणाचं बिघडेल? असं विचारत जाताना अठराव्या मिनिटाला पाण्याचे काका म्हणताना सापडले, “टाकी 12 ला करून घेतो.” आणि एकाहत्तराव्या मिनिटाला दादा, “एजन्सीवाला 11 किंवा 12 ला येतोय.” परत तेच! मधे त्रेपन्न मिनिटं गेलेली, त्यात पार्किंगवरून भांडण झालेलं, कोणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, मी तर मीटिंगमध्ये होते.

तारीख मी बदलली नाही. यादी करणाऱ्याने निर्णय घ्यायचे नसतात, तो मोह पण होतो. दोघांनाही फक्त समोरासमोर आणून ठेवलं. पाण्याच्या काकांना गेलेली यादी अशी होती:

> काका, 5 जुलैच्या मीटिंगमधलं तुमच्याकडचं एवढंच:
>
> जमिनीखालची टाकी. तुम्ही 12 म्हणालात (मि. 18). पण फायरची तपासणी 11 किंवा 12 ला आहे (मि. 71), त्याला फायरचा कप्पा भरलेला लागतो. आधी दादांशी बोला, मग टाकीवाल्याला तारीख द्या.
>
> जूनची टँकरची बिलं ताईंना, 10 जुलैपर्यंत. ऑडिटरला द्यायचे कागद त्यावाचून अडलेत.
>
> ए विंग गच्चीवरच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह, 8 जुलैपर्यंत. आधी तीन कोटेशन ठरली होती (मि. 22), नंतर साहेब म्हणाले दोन पुरेत (मि. 81).
>
> बी विंगच्या मीटरचं रीडिंग, दर सोमवारी, ग्रुपवर.
>
> तुम्ही वाट बघायची नाही असं एक: टाकीवाल्याचा ॲडव्हान्स ताईंनी दिलाय.

ही दुरुस्त केलेली, चेकच्या फोननंतरची. हीच टाकीची ओळ दादांच्या यादीत उलट्या बाजूने गेली, की काका 12 ला टाकी उपसतायत. संध्याकाळी दोघं लिफ्टपाशी भेटले आणि टाकी 15 वर गेली. दोन मिनिटांचं काम.

कोटेशनची ओळ बघा, बावीसला तीन, एक्याऐंशीला दोन. असं झालं की नंतरचं वाक्य धरायचं, पण ते ज्याच्या हातात ठरवणं आहे त्याचं असेल तरच. लिफ्टचं पोरगं म्हणालं असतं दोन पुरेत तर मी तीनच ठेवले असते आणि पुढे प्रश्नचिन्ह लावलं असतं. जुनं मिनिटही लिहिते, नाहीतर पाण्याचे काका तीनच आठवून बसतात.

पाठवण्याआधी एक उलटी तपासणी करते, शीटमधली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या मेसेजमध्ये आलीय ना. पंचवीसच्या पंचवीस. एखादी कुठेच नसली तर बहुतेक वेळा नावाचं स्पेलिंग एका ठिकाणी वेगळं असतं, खजिनदार आणि खजीनदार, एवढ्यावर ओळ गायब.

मेसेज प्रत्येकाला वेगळा, ग्रुपवर नाही. याचा एक न ठरवलेला फायदा झाला. मीटिंगमध्ये मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं निघतात, घरच्या अडचणी निघतात, ते सगळं पूर्वी चार पानांत घुसायचं आणि मग कोणीतरी फॉरवर्ड करायचं. आता ते फक्त ताईंच्या यादीत जातं.

चेअरमनना मात्र हे आवडलेलं नाही. त्यांच्या यादीत एकच ओळ, आणि ते म्हणतात मला सगळं दिसायला हवं. रास्त आहे, त्यांना पूर्ण शीटची लिंक दिलीये. आणि इतिवृत्त काही सुटत नाही, मीटिंगच्या वहीत ते लिहायचंच असतं, याद्या त्याच्या जागी चालत नाहीत. ते काका अजूनही स्वतःच्या अक्षरात लिहितात, फक्त आता माझ्या शीटमधल्या ठ वाल्या ओळी समोर ठेवून. पहिल्यांदा हे सगळं करायला मला चार तास लागले होते, आता दीड तासाच्या आसपास जातं, त्यातला निम्मा ऑफिसातल्या लॅपटॉपमुळे. ताईंना म्हटलंय निदान तुम्ही तरी शेजारच्या खोलीत बसून फोनवरून जॉइन व्हा.

चार बेवारसांपैकी तीन काकांनी त्याच रात्री वाटून टाकली. चौथं गच्चीच्या दाराचं कुलूप. त्याच्यापुढे काकांनी लिहिलंय, ‘आपण बघूया’.